‘लेखी द्या’: आईच्या पहिल्या अर्जाची कथा कशी उभी करायची

प्रश्न : मी एक लघुकथा लिहितेय. एक आई मुलीच्या शाळेला आयुष्यातलं पहिलं औपचारिक पत्र लिहायला बसते आणि तिला योग्य शब्दच सापडत नाहीत. दोन पानांनंतर कथा अडकलीय, नुसती ती पेन धरून बसलीय. तिची अडचण कशी दाखवू आणि असं पत्र खरं कसं असतं?

उत्तर :

मी बरीच वर्षं एका माध्यमिक शाळेच्या ऑफिसात लिपिक होतो, पालकांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर यायचे, आणि आता एका दिवाळी अंकासाठी कथा वाचून त्यावर काम करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

तुमची कथा अडकलीय कारण तुम्ही तिची अडचण ‘शब्द सुचत नाहीत’ इथेच थांबवलीत. अर्ज लिहायला बसलेल्या आईला शब्द खूप सुचतात, सगळे चुकीच्या ठिकाणचे सुचतात, आणि त्याच्या खाली खरी अडचण ही असते की शाळेकडून आपल्याला नेमकं काय पाहिजे हे तिचं तिलाच ठरलेलं नसतं. मनात राग आहे, भीती आहे, मुलीचं नुकसान होऊ नये असं वाटतंय, मास्तर नाराज होऊ नयेत असंही वाटतंय. अर्जात यातलं एकच काहीतरी मागता येतं. ते ठरवण्याची झटापट म्हणजे तुमची कथा. म्हणून पहिलं काम, तिची मागणी काय आहे ते तुम्ही ठरवा, आणि ती मागणी पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत बदलू द्या.

नुसतं असं सांगून उपयोग नाही, एक प्रसंग घेऊन शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. पात्रं काल्पनिक आहेत, पण असे अर्ज मी हातात घेतलेत.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली एक वाडी धरा. आईचं नाव सुमन, मुलगी प्राजक्ता, दहावी ब. शाळा वाडीपासून 9 किलोमीटरवर बाजारच्या गावात. मुलीला एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, म्हणजे गाडी मिळाली तर खर्च शून्य आणि नाही मिळाली तर सगळंच अवघड. शाळा 11 ते 5. वाडीत जाणारी एसटी साडेपाचला सुटते, त्यानंतर थेट 8.15 ची मुक्कामी गाडी. दिवाळीनंतर शाळेनं दहावीचे जादा तास लावले, 5 ते 6, गणित आणि इंग्रजी. आता तास केला की साडेपाचची गाडी गेली. मग एकतर सव्वाआठपर्यंत स्टँडवर बसायचं किंवा वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत यायचं आणि तिथनं 2 किलोमीटर चालत वाडीत. डिसेंबरात सहाच्या सुमारालाच सूर्य मावळतो, म्हणजे फाट्यावर उतरेपर्यंत अंधार.

बघा, इथे कुणीच वाईट नाही. मास्तर पगारापलीकडचा तास घेतायत, एसटी वेळेवर सुटतेय, पोरगी अभ्यास करतेय. अडचण वेळापत्रकाच्या फटीत आहे. अशी अडचण तोंडी सांगायला सोपी आणि लिहायला फार अवघड, कारण तक्रार कुणाची करायची हेच कळत नाही. कथेसाठी हे चांगलं आहे. शाळेनं अन्याय केलाय आणि आई न्याय मागतेय असं केलंत तर अर्ज लिहिणं सोपं होऊन जातं, रागात शब्द येतात.

दुसरी गोष्ट, आजच्या काळात अर्ज का? वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप असतो, आई मेसेज टाकेल ना. हा प्रश्न वाचक पहिल्या पानावरच विचारणार, त्यामुळे त्याचं उत्तर कथेत पाहिजे. उत्तर सोपं आहे. सुमन बाजाराच्या दिवशी शाळेत जाते, वर्गशिक्षकांना गाठते, ते तिचं पूर्ण ऐकूनही घेत नाहीत असं नाही, ऐकतात, मान हलवतात आणि म्हणतात, ‘‘ताई, माझ्या हातात नाही हो, तुम्ही लेखी द्या. बाईंच्या नावानं अर्ज द्या.’’ शाळेत हे वाक्य रोज बोललं जातं आणि बोलणाऱ्याचा त्यात दुष्टावा नसतो. तोंडी सांगितलेलं मुख्याध्यापिकांपुढे मांडायचं तर शिक्षकाच्या हातात कागद लागतो. पण ऐकणाऱ्या बाईला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तुमच्या कथेची सुरुवात इथून करा. पेन धरून बसलेल्या आईपासून नको.

आता ही आई कोण, तर इथे बहुतेक कथा एक चूक करतात, तिला जवळजवळ निरक्षर दाखवतात. सुमन नववी झालेली आहे. बचत गटाची सचिव आहे. गटाची ठराव वही तीच लिहिते, कर्जाचे हप्ते, व्याज, उपस्थिती सगळं. तिचं अक्षर बरं आहे. तिनं आयुष्यात पत्रंही लिहिलीत, मोबाईल यायच्या आधी माहेरी, आंतर्देशीयवर. बँकेचा फॉर्म भरलाय. तिनं लिहिलेला नाही तो एवढाच, आपल्यापेक्षा मोठ्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला स्वतःच्या नावानं काहीतरी मागणारा कागद. गटाच्या वहीत ‘आम्ही’ असतं, बँकेच्या फॉर्मात छापलेल्या रेघा असतात, माहेरच्या पत्रात आई असते. इथे ती एकटी आणि कोरा कागद.

म्हणून तिचे शब्द कुठून येणार? जिथे तिनं लिहिलेली किंवा ऐकलेली ‘मोठी’ भाषा आहे तिथूनच. माहेरच्या पत्रातून, ठराव वहीतून, लग्नपत्रिकेतून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरच्या नोटिशीतून. तिचा प्रत्येक खर्डा यातल्या एकेका ठिकाणचा वास घेऊन येईल. हे एकदा लक्षात आलं की तुम्हाला ‘तिला शब्द सापडेनात’ असं एकदाही लिहावं लागणार नाही.

पहिला खर्डा असा होईल.

‘स. न. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की माझी पोरगी प्राजू तुमच्या शाळेत शिकते. ती हुशार आहे. मंगळवारी ती तासाला बसली आणि गाडी चुकली म्हणून वडापनं आली तर फाट्यापासून एक मोटारसायकल तिच्या मागनं हळूहळू ओढ्यापर्यंत आली, लाईट तिच्या अंगावर ठेवून. तिनं मला हे तीन दिवसांनी सांगितलं. मला झोप लागत नाही. तुम्ही पण बाई माणूस आहात म्हणून लिहिते.’

इथपर्यंत ती सलग लिहिते, एका दमात. कारण ‘पत्र लिहिण्यास कारण की’ म्हटलं की तिच्या हाताला सवय आहे, समोर आईच आहे असं समजून हात चालतो. आणि मग थांबते. का थांबते, तर मुलगी मागून वाचतेय.

प्राजक्ता म्हणते, हे लिहायचं नाही. आई विचारते का. मुलगी नीट सांगत नाही, पण वाचकाला कळलं पाहिजे. हा कागद ऑफिसात जाणार, शिपाई वाचणार, मास्तर वाचणार, उद्या वर्गात कुणीतरी विचारणार. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी घरी येऊन म्हणणार, एवढं आहे तर कशाला पाठवता, दहावीचा फॉर्म भरलाय, घरी बसून परीक्षा देऊ दे. ही भीती आईलाही आहे. नवऱ्यालाही अजून मोटारसायकलचं सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही हे दोघींना माहितीय, त्यावर एक ओळही लिहू नका.

तर पहिल्या खर्ड्यात खरं कारण होतं, ते गेलं. आणि मागणी काय होती? बघा, मागणी नव्हतीच. ‘मला झोप लागत नाही’ ही मागणी नाही. माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे, दीड पान मनापासून लिहिलेलं आणि वाचून झाल्यावर मला कळायचं नाही की आता मी मॅडमना काय सांगू. माणसाचं दुःख कळायचं, पण शेरा काय मारायचा ते कळायचं नाही.

दुसरा खर्डा ती मुलीच्या मदतीनं करते. दहावीच्या मराठीला उपयोजित लेखनात पत्र आहेच, मुलगी पुस्तक काढते. इथे एक छोटी खरीखुरी गंमत आहे ती वापरा. सुमन शाळेत शिकली तेव्हा पत्ता वर उजव्या कोपऱ्यात लिहायचा. मुलीच्या पुस्तकात ईमेलसारखं सगळं डाव्या बाजूला, आणि लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता शेवटी. दोघींचा त्यावर वाद होतो, ‘‘मार्क जातात असं केलं की’’ असं मुलगी म्हणते, आणि आईला पहिल्यांदा वाटतं की हा कागद तपासला जाणार आहे. ऑफिसात प्रत्यक्षात कोणतीही मांडणी चालते. नाव, इयत्ता, तुकडी, तारीख आणि सही असली की झालं. पण तिला ते माहीत नाही.

हा दुसरा खर्डा असा :

‘विषय : माझ्या पाल्यास लवकर सोडणेबाबत. वरील विषयास अनुसरून सर्वानुमते विनंती करण्यात येते की माझ्या पाल्यास जादा तासातून सूट देण्यात यावी व 5 वाजता सोडण्यात यावे. मंजुरी मिळावी ही नम्र विनंती.’

‘सर्वानुमते’ आलं कुठून ते वाचकाला ठराव वहीतून कळेल, समजावून सांगू नका. आणि हसण्यासाठीही वापरू नका, ती अजून ‘आम्ही’ची सवय सोडू शकत नाहीये. ‘देण्यात यावी, सोडण्यात यावे’ ही भाषा तिला नोटिशींमुळे येतेच, तिच्यात कुणीच कुणाला काही करत नाही, सगळं आपोआप ‘करण्यात येतं’. तिला ते बरं वाटतं, लपायला जागा मिळते. पण आता मागणी स्पष्ट झालीय आणि स्पष्ट झाल्यावर मुलगी ती वाचून गप्प होते. कारण सूट म्हणजे गणिताचा तास बुडणार. तिला तास हवाय. गणितातच ती कच्ची आहे आणि क्लास लावायला पैसे नाहीत, हाच तर तिचा क्लास.

ही तुमच्या कथेची मधली घडी. औपचारिक पत्राची ‘विषय’ नावाची ओळ माणसाला एका ओळीत सांगायला लावते की तुला काय पाहिजे. सुमननं पहिल्यांदा ती ओळ भरली आणि भरल्यावर दोघींना कळलं की आपल्याला हे नकोय. यापुढचा प्रसंग हळू लिहा. आई विषयाची ओळ खोडत नाही, नवीन कागद घेते आणि विषयासमोर जागा मोकळी सोडून खाली लिहायला लागते, म्हणजे ‘आधी काय ते लिहू, विषय मागनं टाकू’. मला ऑफिसात असे अर्ज दिसायचे, विषयाची ओळ वेगळ्या शाईत किंवा बारीक अक्षरात कोंबलेली, म्हणजे शेवटी भरलेली. ते बघितलं की समजायचं या माणसानं विचार केलाय.

कागदाबद्दलही सांगतो, कारण अशा बारीकसारीक गोष्टींवर कथा उभी राहते. आधीचे दोन खर्डे मुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर. शेवटच्यासाठी वाडीतल्या दुकानातून फुलस्केप आणलेला, दोन आणलेत, एक बिघडला तर म्हणून. डाव्या बाजूला समासासाठी कागद घडी घालून नखानं दाबून घेतलाय. खाली परात उलटी ठेवलीय कारण जमीन शेणानं सारवलेली आहे आणि नुसत्या जमिनीवर पेन कागदातून आरपार जातं. ‘मुख्याध्यापिका’ हा शब्द तिला लिहायला अवघड जातो, ध्याला या की नुसता ध, म्हणून ती मुलीचं प्रगतिपुस्तक उघडते आणि शेवटच्या पानावर सहीच्या खाली छापलेला शब्द बघून एकेक अक्षर उतरवून घेते. पण तिथे छापलंय ‘मुख्याध्यापक’. शाळेत तर बाई आहेत. छापलेलं चुकीचं कसं असेल, पण पुरुषाचं नाव बाईला कसं लावायचं. ती थोडा वेळ बघत बसते आणि लिहिते, ‘मा. मुख्याध्यापक बाई’.

हे एवढं एक ठेवा. बाकी शुद्धलेखनाच्या चुका पेरत बसू नका, विनंतीला विनती, नम्रला नंम्र, असं सगळीकडे केलंत की वाचक तिच्याकडे वरून बघायला लागतो. जो माणूस जपून लिहितो तो सोप्या शब्दात कमी चुकतो, चुकतो तो मोठ्या शब्दात आणि तिथेही तो आधी कुठेतरी छापलेलं शोधतो.

आणखी एक जागा आहे जिथे असे लोक खरोखर अडखळतात, ती म्हणजे क्रियापदाचा शेवट. बोलताना ती म्हणते ‘तास सकाळी घ्या’. बाईंना ‘घ्या’ कसं म्हणायचं, तो हुकूम झाला. ‘घ्याल का’ लिहिलं तर लाडीगोडी वाटते. ‘घ्यावं’ लिहिलं तर मुलगी म्हणते पुस्तकात ‘घ्यावे’ असतं. तिनं हे चारही पर्याय तोंडानं म्हणून बघायला पाहिजेत, चुलीपुढे, भाकरी थापताना. तुम्हाला तिची आणि शाळेची पातळी दाखवायची असेल तर त्यासाठी वेगळं वर्णन लागत नाही, या चार रूपांतच ती आहे.

आता तास सकाळी घेण्याची कल्पना कुठून आली? तिसऱ्या खर्ड्यात ती कारण म्हणून गाड्यांच्या वेळा लिहायला लागते. मोटारसायकल काढून टाकल्यावर कारण म्हणून तेवढंच उरलंय. संध्याकाळची साडेपाच, नंतरची सव्वाआठ. आणि लिहिता लिहिता ती सकाळचीही वेळ लिहिते, सवयीनं, ठराव वहीत जमा लिहिली की खर्च लिहायचाच. सकाळची गाडी शाळेपाशी 9.40 ला पोचते. शाळा भरते 11 ला. म्हणजे वाडीच्या चार मुली रोज एक तास वीस मिनिटं शाळेच्या आवारात नुसत्या बसून असतात. ही गोष्ट शाळेत कुणालाच माहीत नाही, कारण शिक्षक साडेदहाच्या पुढे येतात. मुलींनाही ती सांगण्यासारखी वाटली नाही, त्यांच्यासाठी ते रोजचं आहे. आईच्या डोक्यात मात्र दोन वेळा कागदावर शेजारी शेजारी आल्या.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला उपाय सापडला तो ती हुशार आहे असं तुम्ही सांगितल्यामुळे नाही, लिहावं लागलं म्हणून सापडला. तोंडी सांगताना ती नुसतं ‘गाडी नसते हो सर’ म्हणाली होती.

शेवटचा अर्ज मी असा लिहिला असता :

‘दि. 9 डिसेंबर

प्रति,
मा. मुख्याध्यापक बाई,

विषय : दहावीचे जादा तास सकाळी घेणेबाबत.

महोदया,
माझी मुलगी कु. प्राजक्ता ही इयत्ता 10 वी ब मध्ये शिकत आहे. दिवाळीनंतर जादा तास संध्याकाळी 5 ते 6 असतात. आमच्या वाडीची एसटी 5.30 ला सुटते. त्यानंतरची गाडी 8.15 ला आहे. तास केल्यावर मुलींना वडापने फाट्यावर उतरून 2 किलोमीटर अंधारात चालत यावे लागते. सकाळी एसटी शाळेजवळ 9.40 ला येते व शाळा 11 वाजता भरते. तोपर्यंत मुली बसून असतात. वाडीच्या चार मुली आहेत. तरी जादा तास सकाळी 10 वाजता घेतल्यास सर्वांना बसता येईल. आम्हाला तास बुडवायचा नाही. तरी विचार व्हावा ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(सही)’

आता यात बघा. ‘सर्वानुमते’ गेलं, ‘सोडण्यात यावे’ गेलं, ‘पाल्य’ जाऊन ‘मुलगी’ आलं. मोटारसायकल गेली, तिची सावली म्हणून ‘अंधारात’ हा एक शब्द राहिला. मुलीनं तो शब्द राहू दिला की आईनं हट्टानं ठेवला हे तुम्ही ठरवा, पण त्यावरून दोघींचं एकदा बोलणं व्हायला पाहिजे. आणि ‘आम्हाला तास बुडवायचा नाही’ हे वाक्य. अर्जाच्या भाषेत ते बसत नाही, आजूबाजूची सगळी वाक्यं इस्त्रीची आणि हे घरातलं. संपादक म्हणून कुणी ते ‘शैक्षणिक नुकसान होऊ नये’ असं करायला सांगेल, करू नका. सगळ्या अर्जात तिचा आवाज तिथे एकदाच ऐकू येतो.

‘आपली विश्वासू’वरही ती थांबेल. आंतर्देशीयवर ‘कळावे, लोभ असावा’ असायचं, मुलीच्या रजेच्या अर्जात ‘आपली आज्ञाधारक’ असतं. आज्ञाधारक मी का, मी काय विद्यार्थी आहे, असं तिच्या मनात येऊ दे, आणि ‘विश्वासू’ लिहिताना जरा बरं वाटू दे. एका ओळीचं काम आहे, लांबवू नका. सहीच्या खाली ती कंसात नाव लिहिते, ठराव वहीत लिहिते तसंच, फक्त ‘सचिव’ शब्द लिहायला गेलेला हात आवरते.

मग ऑफिस. इथे बहुतेक लेखकांना मोठा प्रसंग करायचा असतो, बाई अर्ज वाचून भारावतात, चष्मा पुसतात वगैरे. असं होत नाही. ती ऑफिसात जाते तेव्हा लिपिक शिष्यवृत्तीचं काहीतरी भरत असतो, दोन पालक दाखल्यासाठी उभे असतात. तो अर्ज हातात घेतो आणि पहिलं विचारतो, ‘‘झेरॉक्स आणलीय का?’’ तिनं नाही आणलेली. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मिळते, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ‘लेखी द्या’ म्हणणाऱ्यानंही नाही. ती म्हणते, जाऊन आणते, आणि बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दोन रुपये देऊन परत येते. आपण लिहिलेल्या कागदाची प्रत ती पहिल्यांदा बघतेय, छापल्यासारखी. तिला तिचं अक्षर त्यात जास्त सुबक वाटतं. हे दाखवा, थोडक्यात.

परत आल्यावर लिपिक आवक रजिस्टर ओढतो, क्रमांक टाकतो, तारीख, कुणाकडून, आणि विषयाचा रकाना असतो तिथे तिच्या अर्जातली विषयाची ओळ बघून उतरवतो. आम्ही तसंच करायचो, आतला मजकूर त्या वेळी वाचत नसू, विषयाची ओळ बघायची आणि रजिस्टरमध्ये उतरवायची. म्हणजे दोन रात्री घालवून जी ओळ तिनं शेवटी भरली तीच शब्दशः शाळेच्या रजिस्टरमध्ये जाते. लिपिकाच्या बाजूने ते दहा सेकंदांचं काम आहे. तिच्या बाजूनं काय आहे ते तुम्ही लिहू नका, तिला फक्त ते उलट्या बाजूनं, टेबलापलीकडून वाचू द्या. पोचेवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख.

अर्ज मंजूर होतो का? मी असतो तर ते अर्धंच सांगितलं असतं. खऱ्या शाळेत काय होतं ते सांगतो. अर्ज मॅडमकडे जातो, त्या कडेला शेरा मारतात, ‘वर्गशिक्षक, विषय शिक्षकांशी चर्चा करावी’, आणि अर्ज पुन्हा त्याच वर्गशिक्षकांकडे येतो ज्यांनी लेखी द्या म्हटलं होतं. पण आता त्यांच्या हातात मॅडमची सही असलेला कागद आहे आणि कागदावर 9.40 आहे. इंग्रजीचे सर गावातच राहतात, त्यांना सकाळचं जमेल. गणिताचे तालुक्याहून येतात, त्यांना दहाला पोचायचं तर आधीची गाडी धरावी लागेल, ते म्हणतील आठवड्यातून तीन दिवस जमवतो. म्हणजे निकाल अर्धामुर्धा. उरलेले दिवस संध्याकाळचेच, आणि त्या दिवसांचं काय करायचं हे सुमनला पुन्हा ठरवावं लागेल. मुक्कामी गाडीपर्यंत मुलींना वर्ग उघडा ठेवता येईल का, शिपाई थांबेल का. म्हणजे दुसरा अर्ज. आणि या वेळी ती कागद घेते तेव्हा विषय आधी लिहिते.

कथा तिथे संपवलीत तर चालेल, पण मग निकाल सांगणारा परिच्छेद चार ओळींच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर शाळेचं वेळापत्रक कथेला खाऊन टाकेल.

राहिला प्रश्न कुणाच्या नजरेतून सांगायची. मला विचाराल तर आईच्या नजरेतून पण तृतीयपुरुषी. ‘मी’ केलंत की निवेदनातच तिला सगळी भाषा येते असं होतं, मग अर्जातच का अडते असं वाचकाला वाटेल. मुलीच्या ‘मी’मधून सांगायचा मोह होईल, मोठी झाल्यावर आठवणारी मुलगी वगैरे, त्यात आई आपोआप थोर होत जाते आणि मोटारसायकलची गोष्ट मुलगीच सांगून टाकते, जी कागदावर येऊ नये म्हणून ती झटली. खर्डे तीनच ठेवा, पहिले दोन तुकड्यांत द्या आणि पूर्ण अर्ज एकदाच, झेरॉक्सच्या दुकानात. तीन ते साडेतीन हजार शब्दांत हे नीट मावतं.

आणि लिहायला बसण्याआधी एक करा, कथा बाजूला ठेवून सुमनचे तिन्ही खर्डे हातानं लिहून काढा, फुलस्केपवर, खाडाखोडीसकट. कुठल्या शब्दाला तुमचा स्वतःचा हात थांबतो ते बघा, तो शब्द तिच्या खर्ड्यात गेलाच पाहिजे.